ताई पोर्तुगालात, फोन मात्र स्पेनमध्ये

ताई गेल्या महिन्यात पोर्तुगालला गेलेली, तिथून हॉटेलच्या वायफायवरून मला फोंड्याला कॉल, म्हणे पोर्तुगालचं पॅक घेतलंय तरी डेटा चालत नाही आणि घड्याळ पण एक तास पुढे गेलंय. घड्याळाचं ऐकल्यावरच मला शंका आली, कारण स्पेन पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे. ती होती विला रेआल द सांतु आंतोनियुला, ग्वादियाना नदीच्या काठावर, पलीकडे स्पेन.

तिला म्हटलं स्क्रीनशॉट पाठव. वर नाव Movistar, म्हणजे स्पेनचं नेटवर्क, आणि मेसेज ‘वेलकम टू स्पेन’. ताई म्हणाली, "अरे पण मी गेलेच नाही तिकडे!" हा मेसेज आपली इथलीच कंपनी पाठवते, परदेशी नेटवर्क आपल्या सिमची नोंद तिला कळवतं तेव्हा, त्यात जीपीएस वगैरे काही नसतं, पलीकडचा टॉवर जोरात लागला की फोन तो पकडतो.

मग सेटिंगमध्ये नेटवर्कची ऑटोमॅटिक निवड बंद करून यादी शोधायला लावली, मिनिट-दोन मिनिटं लागतात. यादीत नावाऐवजी नुसता आकडा दिसला तर पहिले तीन अंक देशाचे, 268 पोर्तुगाल, 214 स्पेन. तिने पोर्तुगालचं MEO निवडलं, डेटा आला, घड्याळही जाग्यावर. वेलकम मेसेज कधी उशिरा येतो, म्हणून आत्ता कुठे जोडलंय ते वरच्या नावावरूनच बघायचं. आणि तिथून निघताना निवड परत ऑटोमॅटिक करायला सांगितलं, नाहीतर MEO ची रेंज संपली की फोन दुसरं नेटवर्क घेणारच नाही.