इंटरव्ह्यूची वेळ कन्फर्म करताना या चुका टाळा

समजा तुम्ही पुण्यात आहात आणि न्यूयॉर्कच्या कंपनीचा मेल आला: बुधवार, 28 ऑक्टोबर 2026, सकाळी 9:30 EST. तुम्ही "थँक यू, कन्फर्म्ड" एवढंच लिहून मोकळे झालात. इथेच चूक झाली.

ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे EDT चालू असते. EST ही तिथली हिवाळी वेळ, एक तास मागे असलेली; पण बरीच मंडळी सवयीने वर्षभर EST च लिहितात. घड्याळाप्रमाणे त्यांचे 9:30 म्हणजे आपले संध्याकाळचे 7. पण EST शब्दशः धरून हिशोब केला तर 8 येतात. म्हणजे कंपनीचे लोक सातला जोडले गेलेले आणि तुम्ही आठला लॉगिन करणार! म्हणून उत्तरात शहराचं नाव घालून दोन्ही वेळा लिहा:

```
Wednesday, 28 October 2026
9:30 AM New York = 7:00 PM India
Please confirm.
```

नुसतं IST लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही हेच संक्षेप वापरतात, त्यामुळे डब्लिनच्या कंपनीशी बोलताना गोंधळ ठरलेलाच.

आता इंटरव्ह्यू आठवडाभर पुढे गेला, "सेम टाइम, 4 नोव्हेंबर". 1 नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, आपली तशीच राहतात. तिथले 9:30 तेच, पण आपल्याकडे आता रात्रीचे 8. तुम्ही सातला जाऊन बसलात तर तासभर वेटिंग रूमच बघत राहाल. तारीख बदलली की दोन्ही वेळा नव्याने लिहून मागा. कॅलेंडर इन्व्हाइट ही वेळ आपोआप बदलून दाखवतं, फक्त फोनचा टाइम झोन कोलकाता हवा. इन्व्हाइट आणि मेल यांत फरक दिसला, तर अंदाज न बांधता विचारून घ्या.

लिंकचंही तसंच. मेलमध्ये झूम आणि इन्व्हाइटमध्ये टीम्स, असं होतं, कारण कॅलेंडर कधी कधी स्वतःची लिंक जोडतं. "कोणत्या लिंकवर यायचं?" हे एका ओळीत विचारा. आदल्या दिवशी जॉइनचं बटण न दाबता ती लिंक त्याच लॅपटॉपवर उघडून बघा. ॲप मागतंय की ब्राउझरमध्ये चालतंय, ते तेव्हाच कळतं.

पुढची फेरी पुण्यातल्या ऑफिसात असेल तर "डॉक्युमेंट्स घेऊन या" यावर समाधान मानू नका. मूळ प्रती दाखवायच्या की झेरॉक्स जमा करायच्या, आणि गेटवर कोणतं फोटो ओळखपत्र चालेल, हे विचारा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि मार्कशीटवर माहेरचं असेल, तर ते याच मेलमध्ये सांगा आणि विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत चालेल का, तेही विचारा. गेट पास तुम्ही कळवलेल्या नावाने बनतो. ओळखपत्रावर दुसरं नाव निघालं तर सिक्युरिटी तिथेच अडवते.