फायर डँपर बसवताय? आधी भोक मोजा

साइटवर नवीन आलात की कुणीतरी जुना फिटर सांगतोच, "साहेब, डँपर भिंतीजवळ कुठंही चालतो, बाकी फोम मारू." अजिबात ऐकू नका.

फायर डँपर म्हणजे डक्ट भिंतीतून जातो तिथल्या भोकात बसवलेली, आग लागली की मिटून ती पलीकडे जाऊ न देणारी झडप. तो बंद झाला की त्याची पाती भिंतीच्या जाडीतच यायला हवीत. आगीत डक्टचा पत्रा वाकून खाली येतो. डँपर भिंतीबाहेर लटकत असेल तर तोही सोबत जातो आणि मागे उघडं भोक उरतं. म्हणून स्लीव्ह, म्हणजे डँपरभोवतीची पत्र्याची चौकट, आणि डक्ट यांचा जोड मुद्दाम सुटण्याजोगा ठेवतात. तिथं जास्तीचे स्क्रू ठोकणं ही मजबुती नव्हे. धूर अडवणाऱ्या स्मोक डँपरला थोडी सूट आहे: एनएफपीए ९०ए या अमेरिकन मानकाप्रमाणे भिंतीपासून दोन फुटांच्या आत, पण पहिली शाखा फुटायच्या आधी.

खरा घोळ स्लीव्हभोवतीच्या फटीत आहे. यूएल ५५५ या अमेरिकन मानकाच्या बऱ्याच डँपरना ही फट मोकळी लागते, कारण स्लीव्ह तापून फुगते. हिशेब साधारण फुटाला १/८ इंच, म्हणजे ६०० मिमी रुंदीला दोन्ही बाजू मिळून निदान ६ मिमी. फट दोन्हीकडून अँगलने झाकायची; अँगल स्लीव्हला पक्का, भिंतीला नाही. आता ६०० बाय ४०० च्या स्लीव्हसाठी गवंड्यानं ८०० बाय ६०० चं भोक ठेवलंय समजा. दर बाजूला १०० मिमी फट, हातात ४० मिमीचा अँगल. तो भिंतीवर निदान २५ मिमी चढायला हवा, म्हणजे फट १५ च्या वर चालतच नाही. इथंच फोमचा डबा बाहेर येतो. फोम नको, भोक बांधून लहान करून घ्या. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू दे. फट घट्ट भरली तर फुगणारी स्लीव्ह आत दबते आणि पाती अर्ध्यात अडकतात.

पण युरोपीय पद्धतीच्या कित्येक डँपरना नेमकं उलट लागतं: फट मॉर्टरने ठासून भरायची. गोंधळलात? साहजिक आहे. ज्या डँपरवर हात आहे त्याच मॉडेलचा इन्स्टॉलेशनचा कागद काढा, मागच्या साइटचा नको. हा कागद न उघडता ठणकावून सांगणारे सीनियर मला आजही खटकतात.

ॲक्सेस डोअर उष्णतेनं वितळून पाती सोडणाऱ्या फ्यूजिबल लिंकच्या बाजूला घ्या आणि त्याच्या अगदी खाली फॉल्स सीलिंगला ट्रॅप डोअर. डक्टला दार आहे, पण समोरून केबल ट्रे गेलाय, हे नेहमीचं. ड्रॉइंगवर समाधान मानू नका. शिडी लावून हात घाला, लिंक सोडा, पाती पूर्ण मिटताहेत का बघा आणि त्याच दारातून परत चढवून दाखवा. मोटरवाला असेल तर वीज तोडा, स्प्रिंगनं मिटायला हवा. हे सगळं सीलिंग बंद होण्याआधी उरका, कारण एनएफपीए ८० प्रमाणे वर्षभरानं आणि मग साधारण दर चार वर्षांनी कुणालातरी तिथंच हात घालायचाय.