नागपूरहून बाइकने वर्ध्याला जाताय? रूट सेटिंगमधल्या या चुका टाळा

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वर्ध्याला बाइकने निघताना बरेच जण मॅपमध्ये ‘Avoid highways’ चालू करतात आणि निर्धास्त होतात. नेमकी चूक इथेच होते.

या सेटिंगला समृद्धी म्हणून वेगळा रस्ता कळत नाही, त्याला फक्त रस्त्याचा वर्ग कळतो. शिवमडक्याहून सुरू होणारा समृद्धी जसा महामार्ग, तसाच बुटीबोरीकडे जाणारा वर्धा रोडही राष्ट्रीय महामार्गच, आणि पुढचा केळझर, सेलू, पवनारवरून वर्ध्याला जाणारा रस्ताही. म्हणजे एक रस्ता टाळायला गेलात, तर बाइकला चालणारा सरळ, चांगला रस्ताही त्यासोबत टाळला जाऊ शकतो. मग मॅप गावागावांतून, शेतांच्या कडेने नेतो. पावसाळ्यात संध्याकाळी अशा रस्त्यावर अडकणं बरं नाही.

हे निघण्यापूर्वीच ओळखता येतं. रूट उघडा आणि वळणांची यादी वाचा. त्यात बुटीबोरी नसेल, दर दोन-तीन किलोमीटरला वळण असेल आणि किलोमीटर फारसे न वाढता वेळ बराच वाढला असेल, तर ते सेटिंग चालू आहे असं समजा. कधी मागच्या प्रवासात चालू केलेलं तसंच राहिलेलं असतं, तेव्हा आधी तेच तपासा.

उपाय सोपा आहे. गूगल मॅप्समध्ये कारऐवजी दुचाकी निवडा आणि ‘Avoid highways’ बंद ठेवा. तरीही रेषा समृद्धीवरून जात असेल, तर मधला थांबा म्हणून बुटीबोरी आणि सेलू टाका. थांबा टाकताना दोन गोष्टी सांभाळा. सेलू नावाचं गाव परभणी जिल्ह्यातही आहे, त्यामुळे वर्धा जिल्ह्यातलंच निवडलंय ना, हे पाहा. दुसरं म्हणजे गावाचं नाव टाकलं की पिन गावाच्या मध्यावर पडते, आणि मॅप तुम्हाला आत नेऊन परत बाहेर आणतो. त्यापेक्षा नकाशा मोठा करून पिन मुख्य रस्त्यावरच ठेवा, तीही वर्ध्याकडे जाणाऱ्या बाजूला. दुभाजकाच्या पलीकडे पडली तर यू-टर्न घ्यायला लावेल.

‘सर्वात कमी अंतर’ हा पर्याय निवडणाऱ्यांची गल्लत वेगळी असते. कमी किलोमीटर म्हणजे कमी पेट्रोल, असा हिशोब असतो. समजा एक रस्ता ३० किलोमीटरचा आहे आणि त्यावर ताशी ६० चा वेग मिळतो, तर अर्धा तास लागेल. दुसरा २६ किलोमीटरचा, पण खड्डे आणि गावांमुळे वेग ताशी ३० च मिळतो, तर ५२ मिनिटं. चार किलोमीटर वाचवायला बावीस मिनिटं गेली, आणि सारखं ब्रेक, गिअर करत पेट्रोलही वाचेलच असं नाही. या सेटिंगमध्ये रस्ता निवडताना वेग विचारातच घेतला जात नाही, म्हणून शहरात ते महाल-इतवारीच्या गल्ल्यांतूनही नेऊ शकतं. गूगल मॅप्समध्ये हा पर्याय नाहीच, तिथे सुचवलेल्या दोन-तीन रूटचे किलोमीटर आपणच बघून निवडायचे. गार्मिनमध्ये आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये मात्र तो मिळतो.

दोन्ही सेटिंग एकदम लावली तर काय होईल, हे त्या-त्या अ‍ॅपमधल्या रूट शोधणाऱ्या इंजिनावर अवलंबून असतं. उदाहरणार्थ, व्हॅल्हाला नावाच्या इंजिनात `shortest` चालू केलं की निवड फक्त अंतरावर होते आणि महामार्ग नको म्हणून दिलेलं `use_highways` बाजूला पडतं. एरवीही तिथे `use_highways` शून्य केलं म्हणजे बंदी घातली असं होत नाही. दुसरा मार्गच नसेल तर रूट महामार्गावरून जातोच. म्हणून सेटिंग लावल्यावर रेषा कुठून गेलीय, ते डोळ्यांनी पाहा.

राहिलं ‘सर्वात जलद’. बहुतेकांना हेच पुरतं, पण ते मिनिटं मोजतं, टोलचे पैसे मोजत नाही. कारने वर्ध्याला जाताना वेळेत चार-पाच मिनिटांचा फरक असला तरी ते समृद्धीवर चढवून येळाकेळीला उतरवू शकतं. टोल नको असेल तर ‘Avoid tolls’ लावून दोन्ही वेळा ताडून बघा. हे सेटिंगही समृद्धीपुरतं नाही, वाटेतला प्रत्येक टोलरस्ता ते टाळायला बघतं. वेळ अचानक खूप वाढली, तर ते बंद करून बुटीबोरीवरून थांबा टाकण्याचा मार्गच बरा.