क्रोशाचा मासिक बॉक्स सुरू करताय? आधी खोका मोजा, मग यार्न निवडा

दर महिन्याला क्रोशाचं सामान घरपोच पाठवायचं, असा सबस्क्रिप्शन बॉक्स सुरू करायचा म्हटलं की आपण सगळे पहिल्यांदा रंग बघायला बसतो. मीही तेच केलं होतं, दोन आठवडे नुसत्या शेडकार्डात गेले, आणि नंतर कळलं की माझी अर्धी डोकेदुखी रंगामुळे नव्हती, खोक्याच्या उंचीमुळे होती. म्हणून ही यादी मी उलटीकडून लिहितेय, आधी खोका, मग आतलं सामान, मग तारखा आणि लोक बॉक्स बंद करतात तेव्हा काय करायचं ते.

तर पहिलं काम, एक मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन बसा. यार्न ही अशी वस्तू आहे की वजनाला काहीच नाही पण जागा खूप खाते, आणि बहुतेक कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. व्हॉल्युमेट्रिक म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ठरलेल्या आकड्याने भागायचं, हा आकडा बऱ्याच ठिकाणी ५००० असतो, पण काही कंपन्या ४००० किंवा ६००० धरतात, त्यामुळे तुमच्या कुरियरला आधी हेच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

माझ्या पहिल्या बॉक्समध्ये ५० ग्रॅमचे दोन गुंडे, एक क्रोशाची सुई, पॅटर्नचं कार्ड आणि दोनचार स्टिच मार्कर होते, खोक्यासकट सगळं मिळून साधारण २६० ग्रॅम. खोका मात्र मी दिसायला छान म्हणून २५ बाय २० बाय १० चा घेतला होता. गुणाकार केला तर ५०००, भागिले ५०००, म्हणजे सरळ १ किलो! पाव किलोच्या सामानाला मी एक किलोचे पैसे भरत होते आणि खोक्यात अर्धी जागा तर कागदाच्या कात्रणांनी भरलेली होती. तेच सामान २४ बाय १७ बाय ६ च्या खोक्यात आरामात बसलं, त्याचं उत्तर येतं ०.४९ किलो, म्हणजे ५०० ग्रॅमच्या टप्प्यात. पण इथे एक गोची आहे, गुंडे दाबून भरले की झाकण फुगतं, आणि उंची ६ ची ७ झाली की तोच खोका ०.५७ वर जातो आणि पुढच्या टप्प्याचे पैसे लागतात, कारण ते मोजतात तेव्हा बाहेरून आणि सगळ्यात फुगलेल्या जागी मोजतात. म्हणून नमुन्याचा खोका पूर्ण भरून, टेप लावून, एक रात्र तसाच ठेवून सकाळी परत मोजा. आणि आकड्याच्या अगदी काठावर राहू नका, मी आता उंची साडेपाचच धरते.

गुंड्याऐवजी लडी पाठवली तर ती चपटी बसते, हे खरं आहे, पण लडी सोडवून गुंडाळायला वेळ लागतो आणि नवीन माणसाकडून ती हमखास गुंतते, त्यामुळे बॉक्स नवशिक्यांसाठी असेल तर मी लडीच्या वाटेला जाणार नाही.

पैशाचं गणित सोप्या प्रमाणात मांडा. सभासद देतो ते १०० भाग धरा, माझ्याकडे त्यातले साधारण ४० सामानाला, ८ पॅकिंगला, ३ पेमेंट गेटवेला आणि २० कुरियरला जायचे, अशी मांडणी होती. उरले २९. त्यातून खराब झालेले, हरवलेले आणि परत पाठवावे लागलेले बॉक्स भरून काढायचे असतात. खोक्याच्या चुकीमुळे कुरियर २० वरून ३५ वर गेलं की उरतात फक्त १४, आणि त्यात दोन बॉक्स हरवले तर तो महिना फुकटच राबलो असं समजा. लांबच्या भागाचा दर वेगळा असतो, तेव्हा सगळ्यांना एकच शिपिंग लावणार असाल तर सरासरी जवळच्या पत्त्यांवरून काढू नका, सगळ्यात लांबचा झोन धरून एकदा हिशोब करून बघा की त्या बॉक्सवर निदान पदरचे तरी जात नाहीत ना.

आता आतलं सामान. इथे मी एकच प्रश्न विचारते, की हे काम सभासदाचं एका महिन्यात पूर्ण होईल का? कारण लोक बॉक्स बंद करतात तेव्हा त्यांना विचारलं तर सामान वाईट होतं असं फार कमी जण सांगतात, बहुतेकांचं म्हणणं असतं की मागचे दोन बॉक्स अजून उघडलेच नाहीत, कपाटात ढीग झालाय, उगाच अपराधी वाटतं. म्हणजे जास्त सामान दिलं की सभासद खूश होतो हा समज इथे चालत नाही. चार गुंड्यांची भलीमोठी शाल देण्यापेक्षा दोन गुंड्यांची पाऊच द्या, जी पूर्ण होते आणि फोटो काढून मैत्रिणीला पाठवता येते.

पूर्ण होईल की नाही हे आपल्या हाताने विणून ठरवायचं नाही, आपला हात बसलेला असतो. तीन जणींना नमुना द्या, एक घट्ट टाके घालणारी, एक सैल हाताची आणि एक अगदी नवी. विणायच्या आधी आणि नंतर यार्नचं वजन घ्यायला सांगा आणि तास लिहून ठेवायला सांगा. माझ्या पाऊचच्या पॅटर्नला माझे ८४ ग्रॅम लागले होते म्हणून मी १०० ग्रॅम पुरे असं धरलं, सैल हाताच्या ताईंना मात्र ९७ लागले! म्हणजे त्यांच्याहून थोडा सैल हात असता तर शेवटच्या ओळीला यार्न संपलं असतं, आणि यार्न संपणं हा या बॉक्समधला सगळ्यात वाईट अनुभव, कारण तोच रंग बाहेर मिळाला तरी तसाच मिळेल याची खात्री नसते. मी पॅटर्नमधल्या दोन ओळी कमी केल्या. नवीन मुलीला १४ तास लागले, आठवड्याला तीनचार तास मिळणाऱ्या माणसाचं तेवढ्यात महिनाभरात होतं, पण वीस तास लागले असते तर मी तो नमुना बाद केला असता.

डाय लॉटचं विसरू नका. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबरशेजारी लॉटचा नंबर असतो, रंग तोच पण लॉट वेगळा असेल तर विणल्यावर मधेच पट्टा उठून दिसतो. पॅक करताना एका खोक्यात दोन्ही गुंडे एकाच लॉटचे हवेत, हे दुसऱ्या माणसाने तपासावं, ज्याने भरलं त्याने नाही. आणि प्रत्येक लॉटचे चारपाच गुंडे दोन महिने बाजूला ठेवा, कुणाला कमी पडला तर तोच पाठवता येतो.

साइन अप करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या, सुई आधीपासून आहे का, लोकरीची किंवा मोहेरची अ‍ॅलर्जी आहे का, आणि गडद की फिका रंग. याहून जास्त विचारू नका, प्रत्येक पर्यायाला वेगळा साठा लागतो आणि आवडीचे सहा पर्याय दिले की प्रत्येकातले थोडे थोडे गुंडे उरतात जे कशालाच पुरत नाहीत. सुई तर दर महिन्याला मुळीच नको, चौथी सुई मिळाली की लोकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

आता तारखा, कारण इथेच सगळं एकमेकांत अडकतं. यार्नची ऑर्डर मला सहा ते आठ आठवडे आधी द्यावी लागते, म्हणजे पहिला बॉक्स पॅक करत असतानाच तिसऱ्याची ऑर्डर गेलेली असते, आणि तोपर्यंत किती जण राहणार ते माहीतच नसतं. माझ्याकडे पहिल्या महिन्यात ६० जण होते, मी आनंदात तिसऱ्यासाठी ७० ची ऑर्डर दिली. दुसऱ्या महिन्यात त्या ६० मधले ४९ राहिले, तिसऱ्यात ४३, आणि नवे ९ आले म्हणजे एकूण ५२, तेव्हा १८ बॉक्सचं सामान, ३६ गुंडे, तसेच पडून राहिले. पहिल्या दोन बॉक्सनंतर गळती जास्त असते आणि मग ती हळू होते, त्यामुळे सुरुवातीच्या आकड्याला नेहमी कात्री लावून ऑर्डर द्या, कमी पडलं तर नव्यांना पुढच्या महिन्याची जागा देता येते. उरलेलं सामान एकेका सुट्या किटसारखं विकता येईल असंच पहिल्यापासून निवडा.

माझं वेळापत्रक आता असं आहे, २५ तारखेपर्यंत बंद किंवा स्किप करता येतं, १ तारखेला पैसे कापले जातात, १२ पर्यंत पॅकिंग, १५ ला रवाना. २५ नंतर येणाऱ्या नव्या माणसाचा पहिला बॉक्स त्याच्या पुढच्या महिन्याचा, हे पैसे घ्यायच्या आधीच मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे, नाहीतर दहा दिवसांत बॉक्स कुठे आहे म्हणून मेसेज सुरू होतात. आणि २१-२२ ला सगळ्यांना एक आठवण पाठवा, पुढच्या महिन्यात काय आहे आणि नको असेल तर कुठे दाबायचं ते. भीती वाटते की आठवण केली की लोक जातील, काही जातातही, पण ज्याला नको होता आणि पैसे कापले गेले तो माणूस बँकेकडे तक्रार करून पैसे परत घेतो, तोपर्यंत तुमचा बॉक्सही गेलेला असतो आणि वर दंडाचे पैसे लागतात ते वेगळे.

बंद करण्याची सोय जिथे साइन अप केलं तिथेच हवी, फोन करा, ईमेल करा असलं काही नको. तिथेच एक महिना स्किप करा हा पर्याय ठेवा, कारण कपाटात ढीग झालेल्या माणसाला बंद करायचं नसतं, थांबायचं असतं. बंद करताना एकच प्रश्न, का, आणि उत्तर द्यायची सक्ती नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली, दुसऱ्या महिन्यात गेलेल्या ११ जणांपैकी ४ जणांनी बंद केलंच नव्हतं, त्यांचं कार्ड संपलं होतं किंवा पेमेंट फेल झालं होतं. त्यामुळे १ तारखेला फेल झालं तर आठवड्याभरात दोनतीनदा परत प्रयत्न करायचा आणि प्रत्येक वेळी साधा मेसेज, की पेमेंट झालं नाही, कार्ड बदलायचं असेल तर ही लिंक. तोपर्यंत त्यांचे बॉक्स बाजूला ठेवते, पॅकिंग १२ पर्यंत चालतं त्याचं कारण तेच.

तीन किंवा सहा महिन्यांचे आगाऊ पैसे घेणार असाल तर न पाठवलेल्या बॉक्सचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ते अजून आपले नसतात. मधेच कुणी थांबलं तर किती परत देणार ते आधी लिहून ठेवा, मी पाठवलेले बॉक्स सुट्या महिन्याच्या दराने वजा करते आणि उरलेलं परत देते. आणि पुढे कधी बॉक्सच बंद करावा लागला तर त्याच खात्यातून सगळ्यांचे पैसे देता येतात.