गिरणेतला वाळूउपसा खुल्या माहितीतून कसा तपासावा, आणि कुठे थांबावे

प्रकल्पासाठी 'गिरणा नदीतील वाळूउपसा' हा विषय घेतला की बरेच विद्यार्थी आधी मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ गोळा करतात. सुरुवात कागदापासून करा. प्रश्न एकच ठेवा: मंजूर वाळू गटाच्या, म्हणजे उपशासाठी नेमून दिलेल्या पात्राच्या तुकड्याच्या, हद्दीबाहेर पात्र खोदल्याच्या खुणा दिसतात का?

पहिली पायरी हद्दीची. जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणि पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर किंवा पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर शोधा. त्यात गटाचे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी आणि उपशाची खोली दिलेली असते. पान सापडताच त्याची प्रत वेबपाने साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जतन करा, कारण असे दुवे पुढे चालतीलच असे नाही.

आता ते बिंदू गूगल अर्थ प्रोमध्ये टाका. इथे हमखास घोळ होतो. कागदावर 20°45'30" असेल तर दशांशात ते 20.7583 होते, घाईत 20.4530 लिहिले की गट सुमारे 34 किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तुमची चौकट नदीऐवजी कपाशीच्या शेतात पडली, तर आधी हा आकडा तपासा.

मग तिथलीच जुनी उपग्रह छायाचित्रे उघडा आणि मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करा. पावसाळ्यानंतर पुराने आणलेली वाळू खड्डे बुजवते, म्हणून ऑक्टोबरचे पात्र निष्पाप दिसते. उलट उन्हाळ्यात गिरणा धरणातून आवर्तन सुटले की पात्रातल्या पाण्यामुळे खड्डे झाकले जातात. आवर्तनाच्या तारखा स्थानिक वर्तमानपत्रांत मिळतात. त्या शेजारी लिहून ठेवा. मधल्या तारखांसाठी सेंटिनेल-2 उपग्रहांची मोफत चित्रे वापरा. त्यातला एक ठिपका 10 मीटरचा असतो, त्यामुळे ट्रॅक्टर दिसणार नाही. मोठे डबके आणि काठावरून पात्रात उतरणारे नवे रस्ते दिसतात.

खड्डा दिसला म्हणजे तो कोणी आणि परवान्याने खोदला की नाही हे कळले, असे नव्हे. अहवालात 'हद्दीबाहेर उपशाच्या खुणा' एवढेच लिहा. 'चोरी' हा शब्द तपास यंत्रणेचा.

व्हिडिओ लागलेच तर ते फक्त जागा पटवण्यापुरते: पूल, मंदिराचे शिखर, विजेचे मनोरे. चेहरे आणि गाडीचे नंबर झाका. नंबर टाकून मालक शोधणारी ॲप्स वापरू नका, ती माहिती तुमच्या प्रश्नाला लागतच नाही. खोट्या नावाने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरणे तर सरळ फसवणूक आहे. कोणी स्वतः उघड टाकलेल्या पोस्टचाही दुवा अहवालात देण्याआधी विचार करा: तो व्हिडिओ ज्या गच्चीवरून काढला ती गच्ची ओळखू येत असेल, तर काढणाऱ्याचे घर तुम्हीच दाखवून दिलेत. वाळूच्या वादात अशा माणसावर हल्ला व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी दुवा गाळा आणि उपग्रहाच्या चित्रावर भागवा.