वॉर्डमधील सकाळच्या पाळीचे नियोजन

सकाळच्या पाळीचा आराखडा राउंडभोवती न आखता औषधांच्या वेळांभोवती आखावा, कारण राउंड लांबू शकतो, पण जेवणाआधीचे इन्सुलिन थांबू शकत नाही. औषध दिल्याची सही रुग्णाच्या खाटेजवळच, औषध दिल्याबरोबर करावी. आठवून केलेल्या नोंदी हमखास चुकतात. राउंडमधील नवे आदेश मात्र राउंड संपताच औषधतक्त्यावर उतरवावेत आणि उरलेले कागदकाम त्यानंतरच्या निवांत वेळेत उरकावे.

सर्वाधिक जपावे ते पाळी बदलताना. दर 8 तासांचे इंजेक्शन सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 वाजता असेल आणि पाळीही 2 वाजता बदलत असेल, तर ते राहून जाते किंवा दोनदा दिले जाते. म्हणून ते कोणी द्यायचे हे आधीच ठरवून, तक्ता समोर ठेवूनच कामाचा ताबा द्यावा.