शेजारच्या चाचांना ईदच्या शुभेच्छा कशा द्याव्यात

वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याला ईदच्या दिवशी नुसतं आलेलं चित्र पुढे ढकलणं बरं दिसत नाही, आणि लिहायला बसलं की शब्द सुचत नाहीत.

रमजान ईदचं असं करा:

1. आदल्या रात्री घाई नको. चंद्र दिसल्याचं जाहीर झालं की मगच ईद ठरते. नाही दिसला तर तीसवा रोजा होतो. कॅलेंडरवरची तारीख पाहून पाठवलेला संदेश म्हणूनच कधीकधी एक दिवस आधी पोचतो.

2. सकाळी चाचा ईदगाहवरून नमाज पढून आले की स्वतः जा. "चाचा, ईद मुबारक" एवढं पुरे. ते "खैर मुबारक" म्हणतील. गळाभेटीसाठी त्यांनी हात पुढे केले तर भेटा. चाची किंवा खाला असतील तर लांबूनच आदाब किंवा नमस्कार.

3. गावाबाहेर असाल तर आपल्या मराठीतच लिहा आणि घरातली एक खरी गोष्ट त्यात घाला:

"चाचा, तुम्हाला, चाचींना आणि पोरांना ईद मुबारक. औंदा नांदेडला अडकलोय, शीरखुर्म्याची वाटी माझ्या नावानं आईकडं द्या. आल्यावर भेटतोच."

उर्दू शेर शोधत बसू नका, चाचांना तुमची बोली ओळखीची आहे.

बकरी ईदलाही "ईद मुबारक" चालतं, फक्त तेव्हा संदेशातून शीरखुर्मा आणि रोजे काढा.

एक मात्र सांभाळा: मोहरमला, विशेषतः दहाव्या दिवशी, "मुबारक" म्हणू नका. तो करबलाच्या शहिदांच्या आठवणीचा दिवस आहे, मग गावात सवाऱ्या कितीही थाटात निघोत.